तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली, काकू संतापल्या: त्यांना उत्तर कसं द्यायचं

इंदूरमध्ये आमचं घरोघरी जाऊन पाण्याच्या टाक्या साफ करून देण्याचं काम आहे. एक गाडी, एक जेट मशीन, तीन मुलं. बुकिंगचं रजिस्टर आणि फोन माझ्याकडे असतो, गाडी आणि मुलं भावजींकडे. या कामात तारीख पुढे जाणं अधूनमधून होतंच. पहिल्यांदा बदलली तर लोक "बरं" म्हणतात, दुसऱ्यांदा कुरकुरतात. तिसऱ्यांदा मात्र आपल्या तारखेवरचा विश्वासच उडतो, आणि मग पहिल्या दोन वेळा चाललेलं उत्तर चालत नाही. त्या तिसऱ्या वेळेचं उत्तर कसं तयार करायचं, ते एका प्रसंगावरून सांगते. चूक आमचीच होती, त्यामुळे कुठे काय बिघडलं ते मला नीट माहीत आहे.

राजेंद्रनगरमधल्या एक काकू, निवृत्त शिक्षिका. घरात शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई. गच्चीवर एक हजार लिटरची टाकी. १५ तारखेला गणपती बसायचे होते आणि त्याआधी त्यांना टाकी स्वच्छ करून हवी होती, कारण पावसाळ्यात तळाशी गाळ बसतो आणि गौरींच्या स्वयंपाकाला तेच पाणी वापरायचं असतं. त्यांच्या गल्लीत नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. त्या महिन्यात सम तारखांना, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडं उलगडून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून, उपसून वर चढवलेलं. बऱ्याच भागांत ते रोज येत नाही. टाकी साफ करायची तर ती रिकामी हवी, आणि साफ झाल्यावर लगेच भरायला नळही यायला हवा. म्हणून काम नळाच्याच दिवशी सकाळी घेतात. गिऱ्हाईक दोन दिवस आधीपासून टाकी कमी भरतं, त्या सकाळी उरलेलं पाणी बादल्यांत काढून ठेवतं आणि वाट बघत बसतं. त्या दिवशी माणसं आली नाहीत तर घरात पाणीच नसतं.

आमच्याकडून असं झालं. ४ तारखेला मशीनच्या पंपाचं सील गेलं, काकूंना सकाळी अकरा वाजता कळवलं. ८ तारखेला मुलं आधीच्या घरी जमिनीतल्या हौदात अडकली, गाळ अंदाजापेक्षा फार निघाला. काकूंना कळवलं साडेतीनला. त्या संध्याकाळी नळाला दाब नव्हता, टाकी पाव भरली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ६०० रुपये देऊन टँकर मागवला. मग १२ तारीख ठरली. ११ तारखेला दुपारी चार वाजता मला दिसलं, की १२ च्या सकाळी भावजींनी एका सोसायटीचं काम कबूल केलं आहे आणि ते त्यांच्या खिशातल्या वहीत आहे, माझ्या रजिस्टरमध्ये नाही. सोसायटीने चाळीस घरांना पाणी बंद राहण्याची नोटीस लावून टाकली होती.

भावजींनी माझ्याआधी काकूंना मेसेज पाठवला, आणि दहा मिनिटांत काकूंचं उत्तर आलं:

"तिसऱ्यांदा! दोनदा टाकी रिकामी करून बसले. सासूबाईंच्या अंघोळीला शेजारून बादल्या मागून आणल्या. टँकरचे पैसे घातले. काल नळ आला तेव्हाही तुमच्यासाठी टाकी अर्धीच भरली. आता पुन्हा 'पुढची तारीख कळवतो'? गणपती तोंडावर आलेत. तुम्हाला काही वाटतं का? माझे ३०० रुपये परत करा."

आधी रजिस्टर, मग मोबाईल

असा मेसेज आला की हात आपोआप "सॉरी काकू" टाइप करायला लागतो. तिथे थांबायचं. काकूंना आता आपल्याकडून एकच गोष्ट हवी आहे, खरी ठरणारी तारीख, आणि ती आपल्याकडे अजून नाही. ती नसताना पाठवलेला कोणताही मेसेज त्यांना चौथ्या तारीखबदलासारखाच वाटेल.

पण फार वेळही थांबता येत नाही. मी स्वतःला अर्धा तास देते. त्यातही पहिल्या दोन मिनिटांत एक ओळ पाठवते, ती एवढीच: "काकू, मेसेज वाचला. साडेचारला मी स्वतः फोन करते." आणि साडेचार म्हणजे साडेचार, चार एकोणतीसला केला तरी चालेल. तिसऱ्या वेळी माणूस आपली प्रत्येक छोटी वेळ तपासत असतो. ही पहिली छोटी वेळ पाळली, तर पुढचं बोलणं ऐकून तरी घेतलं जातं.

त्या अर्ध्या तासात मी तीन गोष्टी पाहिल्या. १२ तारीख वाचवता येते का, हे सगळ्यात आधी, आणि मनापासून. दुसरं मशीन भाड्याने मिळतं का म्हणून दोन फोन केले. गणपतीच्या आधीचा आठवडा, मिळालं नाही. सोसायटीचं काम चारपर्यंत चालणार, तिथून निघून काकूंकडे पोहोचेपर्यंत नळाची वेळ होणार, म्हणजे ऐन पाणी भरायच्या वेळी टाकी उघडी. तेही जमणार नव्हतं.

मग दुसरी गोष्ट. काकूंना चालेल असा दिवस कोणता? १३ तारखेला सकाळ मोकळी होती आणि भावजींनी तीच सांगायचं ठरवलं होतं. पण १३ ला नळ नाही. टाकी साफ होईल आणि रिकामी पडून राहील, घरात सासूबाई. आपल्याला सोयीची तारीख आणि त्यांच्या उपयोगाची तारीख यांतला हा फरक गिऱ्हाइकाला लगेच दिसतो, आणि त्यावरूनच त्याला कळतं, की समोरच्याला आपल्या घरातलं काही माहीतही नाही. उपयोगाचा दिवस होता १४, गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी.

१४ च्या पहिल्या वेळेला एका होस्टेलचं काम लिहिलेलं होतं. होस्टेलला बोअरिंग आहे, त्यांना नळाच्या दिवसाचं बंधन नाही. त्यांची तारीख याआधी एकदाही हललेली नव्हती. मी व्यवस्थापकांना फोन करून विचारलं, १३ ला सकाळी चालेल का. ते हो म्हणाले, तेव्हा मी १४ च्या खान्यात काकूंचं नाव लिहिलं. इथे एक पथ्य पाळावं: एकाची तिसरी वेळ सावरण्यासाठी दुसऱ्याची दुसरी वेळ करू नये. आणि समोरच्याने हो म्हणण्याआधी जागा मोकळी झाली असं धरून चालू नये. होस्टेलने नाही म्हटलं असतं, तर मी काकूंना तारीखच दिली नसती. पैसे परत केले असते आणि दुसऱ्या कोणाकडे जागा आहे का ते शोधून त्यांचा नंबर दिला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे जुने सगळे मेसेज वाचणं. ४ ला आपण काय कारण दिलं, ८ ला काय दिलं, किती वाजता कळवलं. ते माहीत नसेल तर फोनवर काकूच आपल्याला ते सांगत बसतात, आणि आपला अपमान झाल्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागणं हाच माणसाला आणखी एक अपमान वाटतो.

आम्ही पाठवलेलं वाईट उत्तर

भावजींचा मेसेज असा होता: "नमस्कार. काही अपरिहार्य कारणास्तव उद्याचे काम होऊ शकणार नाही. असुविधेसाठी खेद आहे. पुढील तारीख लवकरच कळवू. कृपया सहकार्य करावे."

भावजी मनाने वाईट नाहीत. घाईत माणूस कानावर पडलेलंच लिहितो, आणि "असुविधा के लिए खेद है" हे आपण रेल्वे स्टेशनवर लहानपणापासून ऐकत आलोय. पण काकूंच्या जागी बसून तो मेसेज वाचा. "अपरिहार्य" म्हणजे टाळता न येणारं. इथे तर आमच्याच दोन वह्या जुळल्या नव्हत्या, ते नक्कीच टाळता आलं असतं. काकूंना खरं कारण माहीत नव्हतं, तरी हा शब्द काहीतरी झाकतोय हे त्यांना कळलंच. "असुविधा" या एका शब्दात शेजारच्या बादल्या, टँकरचे ६०० रुपये आणि सासूबाईंची अंघोळ सगळं गुंडाळलं गेलं. "लवकरच" हा शब्द तिसऱ्या वेळी तर वापरूच नये. आणि "सहकार्य करावे"? दोन वेळा टाकी रिकामी करून त्या बसल्या होत्या, याहून जास्त सहकार्य काय असतं? आधीच सोसलेल्या माणसाकडे आणखी काही मागणं, मग ते समजून घेणं असो की धीर, या उत्तरात कुठेच येता कामा नये.

काकूंनी विचारलं होतं, "तुम्हाला काही वाटतं का?" हा प्रश्न पैशाचा नव्हता. आमच्याकडे त्यांचं घर कोणाच्या डोळ्यासमोर तरी आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

फोन

पहिल्या दोन वेळी मेसेज चालतो. तिसऱ्या वेळी आधी फोन करावा, आणि जो निर्णय घेऊ शकतो त्याने करावा. गाडी चालवणाऱ्या मुलाला करायला लावू नये. फोनवर माणूस दोन मिनिटं मोकळं बोलून घेतो, आणि तेवढं बोलून झालं, की मग लिहिलेलं वाचायला त्याचं मन तयार होतं.

मी सुरुवात अशी केली: "काकू, उद्या माणसं येणार नाहीत. उद्या संध्याकाळी नळ आला, की टाकी पूर्ण भरून घ्या, आमच्यासाठी मोकळी ठेवू नका. तोवर आजचं पाणी पुरेल का?"

माफीच्या आधी पाण्याची चौकशी. हे मी मुद्दाम केलं. त्या क्षणी काकूंच्या उपयोगाची एकच माहिती होती, की टाकी भरायची की नाही. ती आधी दिली, की पुढचं सगळं त्यांना शांतपणे ऐकता येतं. तुमचा धंदा वेगळा असेल, तर तुमच्या गिऱ्हाइकाने या बुकिंगसाठी काय अडवून ठेवलं आहे ते आधी शोधा. नवरीने दुपारची वेळ मोकळी ठेवली असेल, कोणी सुट्टी टाकली असेल, कोणी सोफा ओढून खोली रिकामी केली असेल. "ते आता सोडलं तरी चालेल" हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा.

पुढची तीन-चार मिनिटं काकू बोलल्या. त्यांचा आवाज चढला, एकदा भरूनही आला. त्या वेळात मी कारण सांगितलं नाही. मध्येच कारण सांगितलं की ते भांडण होतं. "हो काकू" एवढंच म्हणत राहिले आणि एका कागदावर लिहून घेतलं: दोन बादल्या शेजारून, टँकर ९ तारखेला, सासूबाईंना गार पाण्याने अंघोळ नाही चालत, १५ ला सकाळी साडेनऊची पूजा. यातली शेवटची वेळ मला माहीत नव्हती. पुढे ती उपयोगी पडली.

त्या थांबल्यावर मी म्हटलं, "काकू, मी आत्ता फार बोलत नाही. काय झालं आणि आता काय करतोय, ते दहा मिनिटांत लिहून पाठवते. वाचा, मग तुम्ही ठरवा." फोनवर तारीख पटवून घ्यायचा प्रयत्न करू नये. चिडलेला माणूस फोनवर "बरं" म्हणतो तेव्हा त्याला फक्त फोन ठेवायचा असतो.

लिहिलेलं उत्तर

मी पाठवलेला मेसेज हा:

"काकू, ४, ८ आणि उद्याची १२, तिन्ही वेळा आम्हीच तारीख बदलली. ४ ला मशीन बंद पडलं, ८ ला आधीचं काम लांबलं. उद्याची चूक पूर्णपणे आमची आहे: एकाच सकाळी दोन कामं लिहिली गेली, कारण आमच्या दोन वह्या होत्या, आणि ते मी आज दुपारी पाहिलं. दोनदा तुम्ही टाकी रिकामी करून बसलात, आईंसाठी शेजारून पाणी आणावं लागलं, टँकरचा खर्च झाला. याबद्दल मी माफी मागते.

तुमचे ३०० रुपये आत्ताच परत पाठवले आहेत. टँकरचे ६०० रुपयेही पाठवले आहेत. तुम्ही पुढे काम आमच्याकडून करून घ्या किंवा नका घेऊ, हे पैसे तुमचेच.

१४ तारखेला सकाळी ८ ची पहिली वेळ तुमच्या नावाने ठेवली आहे. त्या दिवशी संध्याकाळी तुमच्याकडे नळ आहे. टाकी रिकामी करू नका. माणसं आल्यावर तेच पाणी आमच्या ड्रममध्ये काढतील, वाया जाणार नाही. पैसे काम झाल्यावर द्या.

१३ ला संध्याकाळी ७ वाजता मी फोन करेन. १४ ची वेळ नको असेल, तर फक्त 'नको' लिहा, कारण सांगायची गरज नाही."

यातल्या काही जागा थोड्या विस्ताराने सांगते.

पहिल्या वाक्यात तिन्ही तारखा आहेत. आपण बहुतेक वेळा फक्त आजच्या चुकीबद्दल लिहितो. आपल्या डोक्यात त्या तीन सुट्या घटना असतात, पंपाचं सील वेगळं, हौदातला गाळ वेगळा. गिऱ्हाइकाच्या डोक्यात ते एकच असतं. तीन तारखा आपण स्वतः ओळीने लिहिल्या, की त्यांना त्या आपल्यापुढे मांडाव्या लागत नाहीत. हे लिहिताना मला जड गेलं. आपल्या चुकांची यादी आपल्याच हाताने पाठवायची. पण बहुतेक राग इथेच उतरतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

कारण एकाच ओळीत आहे आणि खरं आहे. पंपाच्या सीलची पूर्ण गोष्ट सांगितली असती तर ती सबब झाली असती. दोन वह्यांची गोष्ट लपवून "माणूस आजारी पडला" म्हटलं असतं, तर काकूंनी मुलांना सहज विचारलं असतं, कोण आजारी होतं रे? मुलांचे चेहरे बघून त्यांना कळलं असतं. खरं कारण कितीही लाजिरवाणं असलं तरी ते तिसऱ्या वेळी सांगून टाकावं, कारण पुढे चुकून उघडं पडायचं काही उरत नाही.

पैशांचं बोलायचं तर, "पुढच्या वेळी वीस टक्के सूट" हे इथे कधी देऊ नका. पुढच्या वेळेवरच तर त्यांचा विश्वास नाही. शिवाय सूट म्हणजे तोंड बंद करण्याचे पैसे असं वाटतं. जे खरंच त्यांच्या खिशातून गेलं, तेवढंच, त्याच आकड्याने, त्याच दिवशी परत करावं, आणि "पाठवतो" म्हणण्याऐवजी पाठवून मग "पाठवले" लिहावं. मी मेसेज पाठवायच्या आधी दोन्ही रकमा टाकल्या, म्हणजे वाचता वाचता त्यांच्या मोबाईलवर पैसे आल्याचं दिसलं. टँकरची पावती मागितली नाही. ६०० रुपयांसाठी शिक्षिका राहिलेल्या बाईंकडे पुरावा मागणं मला पटलं नसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, माझ्या मते: "टाकी रिकामी करू नका." आधीच्या तिन्ही वेळा आम्ही आलो नाही, तर नुकसान काकूंचं होणार अशी व्यवस्था होती. त्या आधी तयारी करणार, आगाऊ पैसे देणार, आणि आम्ही चुकलो तर त्याच अडकणार. या वेळी ते उलटं केलं. १४ ला आम्ही गेलोच नसतो, तरी काकूंची टाकी भरलेली असती आणि पैसे त्यांच्याकडे असते. दोनशे लिटरचे चार ड्रम गाडीत टाकणं, पाणी उपसून त्यांत भरणं, यात आमचा पाऊण तास जास्त गेला. पण चौथी तारीख मागायची, तर ती चुकल्यास त्याची झळ आपल्याला बसेल अशी सोय करूनच मागावी. नुसतं "या वेळी नक्की" म्हणण्यात काही अर्थ नसतो. ते आम्ही आधीही म्हटलं होतं.

भाषेचं थोडंसं. काकूंनी मराठीत लिहिलं, म्हणून उत्तर मराठीत, आणि त्यांच्याशी बोलते तशाच मराठीत. इंदूरला आपल्याला धंद्याचं हिंदी इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की लिहायला बसलं की "आपला असहयोग", "त्वरित निराकरण" असं काहीतरी हातून उतरतं. मेसेज पाठवण्याआधी मोठ्याने वाचून बघा. काकूंच्या ओट्यावर उभं राहून जे तुम्ही तोंडाने म्हणणार नाही, ते काढून टाका. आणि गिऱ्हाइकाने हिंदीत लिहिलं असेल, तर उत्तरही हिंदीतच द्या, त्यात अडायचं कारण नाही.

त्यावर आलेलं उत्तर आणि पुढचं

काकूंनी अर्ध्या तासाने लिहिलं: "पैसे आले. १४ ला नाही आलात तर मी १९१५ वर तक्रार करणार, आत्ताच सांगून ठेवते."

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार करण्याचा त्यांना हक्क आहे, आणि लहान रकमेच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही. असं वाक्य आलं की दुकानदार बिथरतात, उलट उत्तर देतात किंवा गयावया करतात. या वाक्याचा पहिला अर्धा भाग नीट वाचा: "१४ ला नाही आलात तर." म्हणजे काकूंनी १४ तारीख स्वीकारली आहे. फक्त या वेळी हातात काहीतरी धरून ठेवलं आहे, आणि तीनदा फसल्यावर तसं धरणं साहजिक आहे. मी लिहिलं: "हो काकू, तुमचा तो हक्क आहे. १३ ला संध्याकाळी ७ ला फोन करते." बस. इथे पुन्हा माफी मागितली नाही. माफी एकदा, नीट, पुरेशी असते. प्रत्येक मेसेजमध्ये ती आली, की काकूंना प्रत्येक वेळी "असू दे" म्हणत आपल्यालाच समजवावं लागतं.

त्यांनी "नको" लिहिलं असतं तर? मग उत्तर आणखी छोटं: "बरं काकू. १४ ची वेळ काढून टाकते. गणपतीआधी दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायची असेल, तर माहितीतल्या एकांचा नंबर देऊ का?" एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा आग्रह करायचा नाही. नको म्हणणाऱ्याला मनवत बसणं म्हणजे त्याचा निर्णय न ऐकणं.

काही वेळा तुमच्या हातात खरंच तारीख नसते. मशीन दुरुस्तीला गेलंय, सुटा भाग यायचाय. तेव्हा अंदाजाची तारीख देऊ नका. तारखेऐवजी कळवण्याची वेळ द्या: "गुरुवारी दुपारी १२ ला भाग आला की नाही ते सांगते, आला नसेल तरी फोन करते." आणि "काहीच कळलं नाही" हे सांगायला का होईना, त्या बाराला फोन करायचाच. हे पाळता येणार नसेल, तर पैसे परत करून त्यांना मोकळं करणं जास्त प्रामाणिक.

आदली संध्याकाळ आणि ती सकाळ

उत्तर मेसेजने संपत नाही. १३ ला सातच्या आधी मी तीन गोष्टी तपासल्या. भावजींच्या खिशातली वही स्वतः उघडून पाहिली. मशीन अंगणात पाच मिनिटं चालवून घेतलं. मुलांपैकी कोण सकाळी येतंय ते त्यांच्याच तोंडून ऐकलं. मग फोन केला आणि काकूंना नुसतं "उद्या येतोय" असं सांगितलं नाही. "मशीन आत्ता चालवून पाहिलंय, मुलं साडेसातला निघतील, निघाली की मेसेज करते" असं सांगितलं. काकूंनी विचारलं, "मग टाकी भरलेली राहू देऊ ना?" एवढा एकच प्रश्न. १२ च्या नळाला त्यांनी ती काठोकाठ भरून घेतली होती.

मुलांनाही सांगावं लागतं. या घरी तीनदा तारीख बदलली आहे, हे त्यांना माहीत नसलं तर काकू दारात दोन शब्द बोलतात आणि मुलगा म्हणतो, "हमको तो आज ही बताया." त्या एका वाक्याने सगळं लिहिलेलं पाण्यात जातं. मी त्यांना एवढंच सांगितलं: काकू काही बोलल्या तर "हां काकी, गलती हमारी थी" म्हणा आणि कामाला लागा. उलगडून सांगू नका.

१४ ला सात बत्तीसला मेसेज गेला, पावणेआठला गाडी दारात होती. भरलेलं पाणी आधी चार ड्रममध्ये निघालं, उरलेलं काकूंनी न्हाणीघरातल्या पिंपात घेतलं. तळाशी दीड बोट गाळ होता, तो ओढून काढला, जेटने धुतलं, निर्जंतुक करून पुन्हा दोनदा धुऊन काढलं. साडेदहाला मुलांनी ड्रममधलं पाणी परत वर चढवलं आणि संध्याकाळी नळाने टाकी भरली. दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आधी मी फोन केला नाही, पूजेची वेळ कागदावर होती. अकराला विचारलं, पाण्याला औषधाचा वास तर येत नाही ना. नव्हता.

खिशातली वही त्याच आठवड्यात बंद झाली. आता भावजींना कुठेही काम कबूल करायचं असलं, तर आधी मला फोन करतात आणि मी रजिस्टरमध्ये लिहिल्यावरच हो म्हणतात. ज्यांची तारीख एकदा हलली, त्यांच्या नावापुढे मी लाल पेनाने एक रेघ मारते. दोन रेघा असलेल्या नावाची तारीख माझ्याशिवाय कोणी हलवू शकत नाही, आणि ते नाव नेहमी दिवसाच्या पहिल्या वेळेला लिहिते, कारण आधीचं काम लांबण्याची भीती फक्त त्याच वेळेला नसते.